डेन्टल क्लिनिकच्या रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटची माहिती कशी सांभाळायची

सांगली-मिरजेतल्या छोट्या डेन्टल क्लिनिकांच्या गूगल प्रोफाइलवरची उत्तरं वाचत गेलं की एक चूक सारखी समोर येते. रिव्ह्यू रागाचा असो की कौतुकाचा, उत्तर देणारा डॉक्टर सगळ्यांसमोर कबूल करून टाकतो की हा माणूस माझा पेशंट आहे. त्यापाठोपाठ कुठली दाढ होती, शुगर किती होती, किती पैसे बाकी आहेत, हेही हळूहळू बाहेर येतं. मुद्दाम कोणी करत नाही. स्वतःची बाजू मांडण्याच्या भरात ते होऊन जातं.

या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एका कसोटीवर उभ्या आहेत. तुमचं उत्तर, तुमच्या दवाखान्याची पायरीही कधी न चढलेल्या माणसाच्या रिव्ह्यूखाली जसंच्या तसं ठेवून बघा. तिथंही ते खरं आणि योग्य वाटलं, तर टाका. त्यातलं एक वाक्य जरी खटकलं, तरी ते वाक्य पेशंटची माहिती सांगतंय असं समजा.

## 1. तयारी: रिव्ह्यू येण्याआधीची कामं

पहिलं काम म्हणजे प्रोफाइलचा मालक कोण, ते बघणं. बऱ्याच दवाखान्यांची प्रोफाइल कोणीतरी भाच्याने, जुन्या रिसेप्शनिस्टने किंवा बोर्ड करून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून सुरू केलेली असते. तो माणूस आजही दवाखान्याच्या नावाने उत्तर टाकू शकतो. प्राथमिक मालकी डॉक्टरांच्या स्वतःच्या खात्यावर घ्या आणि ज्यांचं काम संपलं त्यांचा प्रवेश काढून टाका. गूगलवर उत्तर दवाखान्याच्या नावाने दिसतं. ते कोणी लिहिलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि जबाबदारी तुमचीच राहते.

दुसरं, लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा, अशी जोडी ठरवा. दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात हे अवघड नाही. डॉक्टरांनी लिहावं आणि त्या पेशंटच्या उपचारात नसलेल्या कोणीतरी वाचावं. वाचणाऱ्याला केस पेपर दाखवायचा नाही. त्याने फक्त उत्तर वाचून सांगायचं, 'यातून मला या माणसाबद्दल काय कळलं?' बरोबर उत्तर एकच आहे: 'काही नाही.'

तिसरं, तक्रारीसाठी दवाखान्याचा स्वतंत्र नंबर ठेवा. रिसेप्शनवरच्या मुलीचा खाजगी मोबाइल त्यासाठी वापरू नका. ती नोकरी सोडून गेली की पेशंटची नावं, एक्स-रे आणि तक्रारी तिच्या फोनमध्येच जातात.

तपासा: प्रोफाइलवर सध्या कोणाकोणाला प्रवेश आहे, ती नावं तुम्हाला न बघता सांगता येतात का? येत नसतील तर पुढं जाण्याआधी हे काम संपवा.

## 2. रिव्ह्यू दिसला की आधी काय करायचं

उत्तर लगेच द्यायचं नाही. रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ठेवा. रिव्ह्यू लिहिणारा मजकूर नंतर बदलू शकतो, काढूही शकतो. मूळ काय होतं, हे तुमच्याकडं असलं पाहिजे.

त्यानंतर एकाच प्रश्नासाठी रिव्ह्यू पुन्हा वाचा: या क्षणी कोणाला धोका आहे का? सूज वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला त्रास होतोय, रक्त थांबत नाही, असं काही लिहिलं असेल तर ती आधी वैद्यकीय बाब आहे आणि नंतर रिव्ह्यू. त्यासाठी उद्यापर्यंत थांबू नका. बाकी पैसे, वागणूक, वाट बघायला लागणं अशा तक्रारींचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी काही बिघडत नाही, आणि एक रात्र गेली की भाषाही सुधारते.

सावध: रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 'हा कोणाकडं आला होता का?' असं विचारू नका. ग्रुपवर डॉक्टरच असले तरी ते त्या पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर नाहीत. वेटिंगच्या बाकावर लोक बसलेले असताना रिसेप्शनवर त्या रिव्ह्यूची चर्चा करणं हाही तोच प्रकार.

## 3. केस पेपर काढा, पण तो फायलीबाहेर जाऊ देऊ नका

आता रेकॉर्ड बघायला हरकत नाही. नेमकं काय घडलं, हे तुम्हाला कळायलाच हवं. अडचण इतकीच की गूगलवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव जुळेलच, याची खात्री नसते. रिव्ह्यू मुलाच्या खात्यावरून असतो आणि उपचार आईवर झालेले असतात. आडनाव पाटील असेल तर तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून येणारे किती पाटील तुमच्या रजिस्टरमध्ये आहेत, ते तुम्हीच मोजा. नुसत्या अंदाजाने एका पाटलांना फोन करून 'तुम्ही आमच्याबद्दल असं का लिहिलंत?' असं विचारलं आणि ते दुसरेच निघाले, तर एका पेशंटची तक्रार दुसऱ्याच्या कानावर गेली.

म्हणून फोन करायचा की नाही, हे असं ठरवा. रेकॉर्डवरून पेशंट कोण, ते पक्कं कळत असेल आणि तब्येतीची काळजी वाटत असेल, तर पेशंटच्या स्वतःच्या नंबरवर उपचारानंतरची चौकशी म्हणून फोन करा. ही चौकशी तुम्ही रिव्ह्यू नसतानाही केलीच असती. त्या फोनमध्ये रिव्ह्यूचा विषय काढायचा नाही. पेशंट पक्का ओळखता येत नसेल तर फोन करायचा नाही. अशा वेळी वैद्यकीय सूचना जाहीर उत्तरातून, सगळ्यांना लागू पडेल अशा शब्दांत द्यायची.

जे सापडलं त्याची तारीख घालून, तुमच्या फायलीपुरती नोंद करा. मात्र जुन्या नोंदीत मागाहून काही घुसडू नका. उद्या प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढं गेलं तर मागून घातलेली ओळ तुमच्याच विरुद्ध जाते.

## 4. उत्तर लिहिणं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एक नमुना शेवटपर्यंत चालवून बघू. रिव्ह्यू आणि दवाखाना दोन्ही काल्पनिक आहेत, पण असे रिव्ह्यू विश्रामबागपासून गणपती पेठेपर्यंत कुठल्याही दवाखान्याला ओळखीचे वाटतील. एक स्टार देऊन मुलाने लिहिलंय:

> आईच्या दाढेचं रूट कॅनॉल इथं केलं. सात हजार घेतले. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. फोन केला तर डॉक्टर बाहेर आहेत म्हणून सांगितलं, परत कोणी फोन केला नाही. नुसते पैसे काढायचं काम चाललंय.

केस पेपर काढल्यावर डॉक्टरांना दिसतं की पेशंटला डायबेटिस आहे, अँटिबायोटिक मधेच बंद केलेलं आहे आणि कॅपचे 2,000 रुपये बाकी आहेत. आता हात शिवशिवतात आणि पहिलं उत्तर असं येतं:

> तुमच्या आईंची शुगर वाढलेली होती, तरी तुमच्या आग्रहामुळे ट्रीटमेंट केली. औषधाचा कोर्स त्यांनी स्वतःच बंद केला. शिवाय 2,000 रुपये अजून येणे आहेत. पूर्ण माहिती लिहीत जा.

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं तरी प्रत्येक वाक्य गोपनीयता मोडतं. पेशंट असणं, आजार, औषधं आणि उधारी हे सगळं दवाखान्याच्या नावाने जगजाहीर झालं. ज्या आईची माहिती बाहेर गेली, तिने तर एक अक्षरही लिहिलेलं नाही. अमेरिकेत डॅलसमधल्या एका डेन्टल क्लिनिकने रिव्ह्यूच्या उत्तरात पेशंटचं आडनाव आणि तब्येतीचा तपशील लिहिला होता. 2019 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याशी तडजोड करताना त्यांना 10,000 डॉलर भरावे लागले.

हे उत्तर चुकीचं आहे, हे बहुतेकांना पटतं. दुसरं उत्तर मात्र सभ्य असतं, आणि म्हणूनच जास्त दवाखाने त्यात अडकतात:

> दादा, झालेल्या त्रासाबद्दल माफ करा. आईंची सूज आता कशी आहे? उद्या सकाळी त्यांना घेऊन या, आम्ही बघतो.

भाषा मायेची आहे, पण आई तुमची पेशंट आहे आणि तिला सूज आहे, यावर तुम्ही शिक्का मारलात. आत्तापर्यंत ते एका अनोळखी खात्याचं म्हणणं होतं, आता दवाखान्याची कबुली झाली.

तिसरा प्रकार म्हणजे 'या नावाचा पेशंट आमच्याकडं आलेलाच नाही.' नमुन्यात तर हे फसवंही ठरतं, कारण नाव मुलाचं आहे आणि पेशंट आई आहे. पण खरं असलं तरी लिहू नये. एकाला 'तुम्ही आमचे पेशंट नाही' असं म्हटलं, की ज्याला तसं म्हणणार नाही तो पेशंट आहे, हे आपोआप ठरतं.

'रूट कॅनॉलनंतर दोन-तीन दिवस दुखणारच' असं समजावून सांगण्याचा मोहही टाळा. माहिती सर्वसाधारण असली तरी या रिव्ह्यूखाली ती या पेशंटच्या दाढेबद्दलचं मत म्हणून वाचली जाते. वर सूज आलेल्या माणसाला 'हे नॉर्मल आहे' असं दुरून सांगणं वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचं. ती माहिती उपचारानंतर हातात द्यायच्या सूचनापत्रकात लिहा.

मग काय लिहायचं? तीन गोष्टी: आम्ही इथं पेशंटबद्दल का बोलत नाही, तक्रारीतला दवाखान्याच्या पद्धतीशी संबंधित भाग, आणि पुढं बोलायचा रस्ता. तब्येतीचा धोका असेल तर चौथी, सगळ्यांसाठीची सूचना.

> नमस्कार. आमच्याकडं कोण येतं आणि कोणावर काय उपचार झाले, हे आम्ही कोणत्याही रिव्ह्यूखाली लिहीत नाही. उपचारानंतर कोणालाही त्रास झाला तर दवाखान्यातून त्याच दिवशी परत फोन गेला पाहिजे, ही आमची जबाबदारी आहे आणि निरोपाची पद्धत आम्ही तपासत आहोत. दातांच्या कुठल्याही उपचारानंतर सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना किंवा जवळच्या हॉस्पिटलला दाखवावं. या तक्रारीबद्दल दवाखान्याच्या नंबरवर सकाळी 11 ते 1 या वेळेत डॉक्टरांशी थेट बोलता येईल.

आता सुरुवातीची कसोटी लावा. हे उत्तर दवाखान्यात कधीच न आलेल्या माणसाखाली ठेवलं तरी एकही शब्द खोटा पडत नाही. त्यातून आई पेशंट होती की नव्हती, हे कळत नाही. तरी वाचणाऱ्या नव्या माणसाला दिसतं की डॉक्टरांनी फोनची तक्रार टाळली नाही. 'तपासत आहोत' असं लिहिलंत तर खरोखर तपासा. निरोप लिहायची वही नसेल तर ती त्याच दिवशी सुरू करा.

'पण त्यांनी स्वतःच सगळं लिहिलंय, मग आम्ही लिहिलं तर काय बिघडलं?' हा प्रश्न हमखास येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतः जाहीर केलेल्या स्वतःच्या माहितीला सूट आहे, हे खरं. पण ती सूट तेवढ्याच माहितीपुरती आहे. तुमच्या केस पेपरमधून तुम्ही जी भर घालता तिला ती लागू नाही. नमुन्यात तर मुलाने आईची माहिती लिहिलीय, म्हणजे तिने स्वतः काहीच जाहीर केलेलं नाही. शिवाय डेन्टल कौन्सिलच्या 2014 च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटची गुपितं सांभाळण्याचं कर्तव्य आहेच, आणि पेशंटने चारचौघांत तोंड उघडलं म्हणून ते संपत नाही. एचआयव्हीसारख्या नोंदीबद्दल तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. ती गोष्ट आडून सुचवणंही कधी करू नका.

तपासा: टाकण्याआधी उत्तरातून 'तुमचा', 'तुमच्या आईंचा', 'त्या दिवशी', 'परत या' हे शब्द शोधा. बहुतेक वेळा गळती याच शब्दांतून होते.

चांगल्या रिव्ह्यूलाही हाच नियम. 'धन्यवाद काकू, कवळी छान बसली ना? पुढच्या महिन्यात दाखवायला या' हे उत्तर प्रेमाचं आहे, पण काकूंना कवळी आहे हे त्यांनी शेजारणीलाही सांगितलं नसेल. 'आपल्या अभिप्रायाबद्दल मनापासून आभार, दवाखान्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवला' एवढं पुरतं.

## 5. फोन आल्यावर किंवा समोर बसल्यावर

उत्तर वाचून मुलाचा फोन आला, असं धरू. तो विचारतो, 'आईला नेमकं काय झालं ते सांगा.' इथं घाई केलीत तर जाहीर उत्तरात सांभाळलेलं सगळं फोनवर जातं. तो बोलेल ते पूर्ण ऐकून घ्या, लिहून घ्या, मग सांगा: 'दादा, तुमचं सगळं लिहून घेतलंय. उपचारांबद्दल मी त्या पेशंटशी किंवा त्यांच्या परवानगीनेच बोलू शकतो. त्यांना फोन द्या, किंवा दोघं मिळून या.' आई फोनवर 'याला सांगा' म्हणाली तर तसं फायलीत तारखेसह लिहा. उपचाराच्या दिवशी मुलगा खुर्चीशेजारी उभा होता, ही कायमची परवानगी होत नाही. पेशंट 18 वर्षांखालचा असेल तर आईवडिलांशी बोलायला अडचण नाही.

समोर बसून बोलताना दार बंद करा आणि एक्स-रे दाखवून समजावून सांगा. कागदपत्रांची प्रत मागितली तर द्या आणि दिल्याची सही घ्या.

सावध: पैसे परत करताना किंवा पुढचं काम कमी पैशांत करून देताना 'रिव्ह्यू काढा' ही अट घालू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि नंतर तोच माणूस 'पैसे देऊन रिव्ह्यू काढायला लावला' असं लिहू शकतो. समाधान झालं तर लोक आपणहून मजकूर बदलतात.

## 6. रिव्ह्यू खोटा वाटत असेल तेव्हा

खोटा आहे हे सिद्ध करायला रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकलेला दिसतो. त्या पानावर इतर पेशंटची नावं असतात, म्हणजे एका खोट्या माणसासाठी खरी माणसं उघडी पडतात.

योग्य रस्ता असा: रिव्ह्यूच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर जाऊन `Report review` निवडा आणि कारण अचूक द्या. स्पर्धकाने लिहिलंय, शिवीगाळ आहे, विषयाशी संबंध नाही, कोणाची खाजगी माहिती टाकलीय, ही कारणं चालतात. 'आमच्यावर अन्याय झाला' हे कारण चालत नाही. रिव्ह्यू नकारात्मक आहे म्हणून गूगल तो काढत नाही आणि कोण खरं बोलतंय, या वादातही पडत नाही. पहिल्यांदा नकार आला तर एकदा फेरविचार मागता येतो.

रिव्ह्यू दुसऱ्याच दवाखान्याचा असेल, तर माणसाबद्दल न बोलता जागेबद्दल बोला. 'तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद होती' असं लिहिलं असेल आणि तुम्ही तळमजल्यावर असाल, तर 'आमचा दवाखाना तळमजल्यावर आहे, सारख्या नावामुळे गल्लत झाली असल्यास कृपया पत्ता बघावा' हे उत्तर कसोटीत बसतं. ही माहिती दवाखान्याची आहे, पेशंटची नाही. प्रकरण बदनामीपर्यंत गेलंय असं वाटलं तर स्क्रीनशॉट घेऊन वकिलांकडं जा. रिव्ह्यूखाली नोटिशीची धमकी लिहू नका.

## 7. अभिप्राय मागताना होणारी गळती

'आपल्या रूट कॅनॉलबद्दल रिव्ह्यू लिहा' असा मेसेज घरातल्या सगळ्यांच्या हाती असलेल्या फोनवर जातो. मेसेजमध्ये उपचाराचं नाव नको. दवाखान्याचं नाव आणि लिंक पुरते. त्याहून वाईट म्हणजे पेशंटचा व्हॉट्सॲप ग्रुप करणं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर आणि नावं दिसतात, म्हणजे तुमची पेशंटची यादीच वाटली जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोहोचणार नाही, हे गृहीत धरा.

काउंटरवर क्यूआर कोड ठेवायचा तर तो सगळ्यांसाठी ठेवा. खूश दिसणाऱ्या पेशंटलाच निवडून दाखवणं किंवा रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट क्लीनिंग देणं, दोन्ही गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. ज्यांना नाव न देता बोलायचं आहे त्यांच्यासाठी बाहेर पडायच्या दाराजवळ कुलूपबंद पेटी आणि नावाची जागा नसलेली चिठ्ठी ठेवा. फोन न उचलणं, ताटकळत बसवणं अशा गोष्टी लोक आधी तिथंच लिहितात.

उपचाराआधी-नंतरचे फोटो टाकताना ओपीजी किंवा आरव्हीजी एक्स-रेचा कोपरा मोठा करून बघा. मशीन तिथं नाव, वय आणि तारीख छापतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी सांगलीसारख्या गावात ओठाजवळचा तीळ किंवा गळ्यातल्या दागिन्यावरून माणूस ओळखू येतो. उपचाराच्या संमतीवर सही घेतली म्हणून फोटो टाकायची संमती मिळत नाही. त्यासाठी वेगळा कागद हवा, कुठं टाकणार ते त्यात लिहिलेलं हवं, आणि पेशंट नंतर नको म्हणाला तर फोटो काढता आला पाहिजे.

## 8. आधी टाकलेली उत्तरं

हे सगळं वाचून झाल्यावर स्वतःची प्रोफाइल उघडा आणि पहिल्या रिव्ह्यूपासून खाली प्रत्येक उत्तर कसोटीवर घासा. गूगलवर स्वतःचं उत्तर कधीही बदलता किंवा काढता येतं. बदलण्याआधी जुन्या उत्तराचा स्क्रीनशॉट घेऊन फायलीत ठेवा, विशेषतः त्या पेशंटशी तक्रार किंवा नोटीस चालू असेल तर. चालू प्रकरणातलं उत्तर वकिलांना विचारूनच बदला.

एखाद्या उत्तरात आजार, औषध किंवा उधारी बाहेर गेलेली सापडली, तर ते काढून गप्प बसू नका. त्या पेशंटला स्वतः फोन करा, काय लिहिलं गेलं होतं आणि कधी काढलं ते सांगा, आणि त्याची नोंद ठेवा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवणं त्यांत बंधनकारक आहे. पेशंटला ही गोष्ट तुमच्याकडून कळू दे, शेजाऱ्याने स्क्रीनशॉट दाखवल्यावर नको.